न शिजलेलं मंडईचं मटन

आमच्या गावात मंडईच्या मटनाला कुकर लावत नाहीत. लावला तर पाप लागतं असं काही नाही, पण लावत नाहीत. भाऊबीज झाली की एकेका गावची मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू होते. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. त्या पाहुण्यांसाठी अंगणात तीन दगडांची चूल मांडायची, वर गंज चढवायचा, म्हणजे आमच्याकडचं ते उभं मोठं पातेलं, आणि लाकडावर मटन शिजवायचं. चुलीपाशी बाया गप्पा करतात, माणसं येऊन झाकणी उघडून वास घेतात, कोणी एखादी फोड मागून चाखतो. कुकरची शिट्टी वाजली की हे सगळं बंद पडतं, असं आमच्या सासूबाई म्हणत. मीही म्हणत असे.

हे मी आधी सांगते कारण त्या दिवशी कुकर लावायला मी नाही म्हटलं, आणि त्याचं कारण हे नव्हतं.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या पुढे. घरी धानाची शेती, दोन भाऊ. मोठा तो माझा नवरा. लहान दीर गोंदियाला, फुलचूरला राहतो, गाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. त्यानं लग्न आपल्या मर्जीनं केलं. मुलगी सालेकशाकडची, कचारगडाच्या जवळच्या गावची, समाज वेगळा. सासूबाईंनी त्या लग्नात पाऊल ठेवलं नाही. नंतर ती दोघं घरी येऊ लागली, बसू लागली, पण चुलीपाशी तिला जाऊ दिलं नाही. घरात मी 'मोठी' आणि ती 'लहानी'. लहानी आली की तिला मी चहा करून द्यायची, आणि ती कप स्वतः धुऊन पालथा घालायची. कोणी सांगितलं नव्हतं. तिला समजत होतं.

मला ती आवडायची. हेही सांगून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर ते खरं वाटणार नाही.

तिच्यासाठी मीच सासूबाईंच्या मागे लागले. वर्षभर थोडं थोडं बोलत राहिले. शेवटी एकदा, धानाला लोंब्या येत होत्या तेव्हा, सासूबाई म्हणाल्या, "यंदाच्या मंडईले शिजवू दे तिले. तुझ्या मामाजीले मी सांगतो. त्यायनं खाल्लं तर मंग कोणाचं काही नाही." मामाजी म्हणजे सासूबाईंचे मोठे भाऊ. आमच्या नात्यात त्यांनी पंगतीत बसून घास घेतला की बाकीचे घेतात. इतकं सोपं होतं, आणि इतकंच अवघड.

लहानीला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "दीदी, मटन कुठून आणणार?"

मी म्हटलं, "माझा खसी आहे ना माहेरी."

माझं माहेर दोन गावं सोडून. आई गेली तेव्हा तिची एक शेळी माझ्या वाट्याला आली. आमच्या घरी बकऱ्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती मी भावाकडेच बटईनं ठेवली. चारा-पाणी त्याचं, पिल्लं अर्धी त्याची, अर्धी माझी. त्यातलं एक नर पिल्लू खच्ची करून, भुसा-चुनी खाऊ घालून मंडईसाठी राखलं होतं. दोन दाती झाला होता, म्हणजे दुधाचे पुढचे दोन दात पडून पक्के आलेले. त्या वयाचा खसी कापला की मटन कोवळं निघतं आणि चरबीही भरलेली असते. याहून चांगलं मटन विकत मिळत नाही. माहेरी गेले की मी त्याच्या पाठीवर हात फिरवून यायची.

भाऊबीजेला भाऊ आला, मी ओवाळलं. म्हणाला, "बाई, परवा सकाळी तिकडंच कापून, तुकडे करून आणतो. तुह्या अंगणात कायले घाण."

मला बरं वाटलं. लहान भाऊ माझा. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलेलं.

मंडईच्या दिवशी तो मोटारसायकलवर आला तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं. मागं भाच्याला बसवलेलं, आणि त्याच्या मांडीवर झाकण लावलेला मोठा डबा. डबा ओसरीत ठेवला आणि तो लगेच निघालाच. "नाटकाच्या मंडपाचं काम आहे, बाई. संध्याकाळी येतो."

मी विचारलं, "मुंडी आन पाय?"

"ते तिकडंच राहिले. कापणाऱ्यानं नेले."

आमच्याकडे मुंडी मामाजींची. दर मंडईला त्यांना वेगळी भाजून देतात. हे भावाला माहीत होतं. बकऱ्याचं वय बघायचं तर लोक तोंड उघडून दात बघतात, हेही त्याला माहीत होतं. मला तेव्हा फक्त पहिली गोष्ट आठवली. मामाजींना काय सांगायचं, याचाच विचार करत मी डबा उघडला.

तुकडे फार बारीक होते. मंडईच्या मटनाचे तुकडे मोठे ठेवतात. मांडीचे वेगळे, चापाचे म्हणजे बरगड्यांचे वेगळे, मान आणि नळ्या वेगळ्या, कारण सगळ्यांना सारखा वेळ लागत नाही. चाप लवकर शिजते. मान, खांदा, पायाकडचा भाग, जिथं जनावर रोज जोर लावतं, तिथं पांढरे पडदे आणि शिरा जास्त. ते आधी गंजात टाकायचे आणि कोवळे मागून. या डब्यात सगळं मिसळलेलं होतं, कोयत्यानं आडवंतिडवं तोडलेलं, कुठला भाग कोणता ते ओळखू येऊ नये इतकं.

लहानी आदल्या रात्रीच आली होती. तिनं ते परातीत ओतलं आणि धुवायला बसली. मी लसूण सोलत होते. धुता धुता तिचा हात थांबला. तिनं एक हाड उचलून पाहिलं, एक तुकडा दोन बोटांत दाबून पाहिला. माझ्याकडे बघितलं. मीही परातीत बघितलं.

कोवळ्या बकऱ्याचं हाड तोडल्या जागी लालसर असतं. हे पांढरं होतं, चुन्यासारखं, टणक. मांस काळपट लाल. चरबी हाताला लागताच मऊ व्हायला हवी, ती गोळ्यासारखी घट्ट होती. एका तुकड्याला कासेचा पिवळट थर चिकटलेला होता. खसीला कास कुठून येणार?

मी तो तुकडा उचलला आणि कुत्र्याला टाकला.

माझ्या मनाला मी काय सांगितलं तेही मला आठवतं. बकरा कापल्यावर मांस दोन-चार तासांत ताठरतं. एकतर ताठरायच्या आधीच शिजायला टाकावं, नाहीतर रात्रभर राहू द्यावं, मग ते परत सैल होतं. मधल्या वेळात टाकलं की चिवट लागतं. मी स्वतःला म्हटलं, हे त्यातलं आहे. भावानं सकाळी कापलं, आणायला उशीर झाला, म्हणून असं घट्ट लागतं आहे. ही गोष्ट खरी आहे, कोणालाही विचारा. फक्त त्या डब्याबद्दल ती खरी नव्हती.

"दीदी," लहानी हळूच म्हणाली, "हे गंजात नाही शिजणार. बचत गटाचे दोन मोठे कुकर आहेत ना? मागवा."

"मंडईले कुकर?"

"शिजल्यावर गंजात ओतू. वरून भुनून घेऊ. कोणाले समजणार?"

तिचं बरोबर होतं. आज मला ते नीट सांगता येतं. उघड्या गंजात पाणी कितीही उकळलं तरी त्याची गरमी एका ठिकाणी येऊन थांबते, वर जात नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली की गरमी त्याच्याही वर चढते. म्हाताऱ्या जनावराचे ते जाड पडदे, ज्यांना गंजात अर्धा दिवस लागेल, ते तिथं तासाभरात विरघळून रश्श्यात उतरतात. कोवळ्या मटनाला त्याची गरज नसते. उलट कुकरमध्ये जास्त राहिलं तर त्याच्या दोऱ्या होतात, रस निघून जातो. म्हणजे कुकर आणायला बाहेर पडले असते तर आधी हे कबूल करावं लागलं असतं, की डब्यात माझा खसी नाही. गटाच्या बाईनं विचारलंच असतं, "काऊन व, तुह्या भावानं तर कोवळा आणला ना?"

मी म्हटलं, "नको. गंजातच होईल. वेळ आहे."

लहानीनं दही, हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण लावून मटन मुरायला ठेवलं. कच्च्या पपईचा कीस थोडासाच घातला, मुठीत मावेल इतका. म्हणाली, "पपई फक्त वरून काम करते. आत जात नाही."

मुरल्यावर तिनं चूल पेटवली. तेलात कांदा लाल केला, मटन टाकलं, आपल्याच पाण्यात झाकून परतलं. झाकणीवर पाणी ठेवलं. ते तापलं की आत ओतायचं, परत नवं ठेवायचं. थंड पाणी तिनं एकदाही टाकलं नाही. मी शपथेवर सांगते. जाळ मोठा होऊ दिला नाही, नुसते बुडबुडे यावेत इतकाच. जोरात उकळलं की मांस आवळतं. बाईचा हात बघत राहावा असा होता.

ऊन उतरलं. पाहुणे आले. मामाजी आले, त्यांना ओसरीत खाट टाकून दिली. माणसं येऊन झाकणी उघडून वास घेत होती. वास फार चांगला येत होता, तिची फोडणीच तशी होती. लहान दीर येरझाऱ्या घालत होता. मी फोड काढून दाबून पाहिली, रबर. थोड्या वेळानं परत पाहिली, रबर.

ओसरीतून मामाजींचा आवाज आला, "का गा, मटन शिजून राहिलं का बकरा अजून चरून राहिला?"

सगळे हसले. दीरही हसला, पण त्याच्या चेहऱ्यावर घाम होता.

मग मी जे केलं ते मी केलं, तिनं नाही. लहानी आत भात उपसायला गेली होती. मी उरलेली पपई किसून, मूठ मूठ भरून गंजात टाकली आणि चुलीत दोन जाड फाटे सारले. रस्सा भडभडा उकळू लागला. पपईचा गुण उकळत्या पाण्यात मरून जातो, पण मरायच्या आधी ती मटनाचा वरचा थर खाऊन घेते. ती बाहेर आली तेव्हा झाकणी उडत होती. तिनं फाटे ओढून काढले.

पंगत बसली. केळीच्या पानावर भात, वर रस्सा, चार फोडी. मामाजींच्या पानावर लहानीनंच वाढलं. तसं ठरलंच होतं. तिनं पदर डोक्यावर घेतला होता. मामाजींनी रस्सा-भात कालवला, घास घेतला, मान हलवली. मग फोड तोंडात घातली.

ती फोड ते चावत राहिले. बाकीचे पाहत राहिले. बाहेरून लगदा, आतून वादी. शेवटी त्यांनी ती बोटांनी काढून पानाच्या कडेला ठेवली. दुसरी घेतली, तीही काढून ठेवली. मग पाण्याचा गडवा उचलला.

"रस्सा बरा आहे," ते म्हणाले.

पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं म्हटलं, "त्यायच्याकडं भाजून खातात गा. शिजवाची आदत नसन."

कोणी हसलं, कोणी हसलं नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी लहानीला विचारलंच नाही, मला विचारलं. "का व मोठी, खसी तर कोवळा होता ना? इनं थंड पाणी टाकलं का मधात? तू होती ना तिथं?"

लहानी पळी हातात धरून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, जसं सकाळी परातीजवळ बघितलं होतं.

मी म्हणाले, "मी तांदूळ निवडून राहिली होती. माझं ध्यान नव्हतं."

एवढंच बोलले मी. तिनं थंड पाणी टाकलं असं काही म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

त्या रात्री ती दोघं नाटकाला थांबली नाहीत, शेवटच्या गाडीनं गोंदियाला गेली. निघताना तिनं सासूबाईंच्या पाया पडून घेतलं. मला म्हणाली, "येतो दीदी." त्यानंतर ती आली नाही. दीर यायचा, एकटा, सणापुरता.

भाऊही त्या संध्याकाळी आला नव्हता. फोन केला तर उचलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी उचलून म्हणाला, "कसं झालं बाई मटन?" मी म्हटलं, "झालं." तो म्हणाला, "होणारच. घरचा खसी होता ना."

धान घरात आल्यावर मी माहेरी गेले. आधी गोठ्याकडे गेले. खसीचा खुंटा मोकळा होता, ते तर ठीकच. त्याच्या शेजारचा खुंटाही मोकळा होता.

तिथं माझ्या आईची शेळी बांधलेली असायची. खसीची माय. आता व्यायची थांबली होती, दात झिजले होते, पण मी गेले की हुंगत यायची. आईच्या हातचा कोंडा खाल्लेलं घरातलं ते शेवटचं जनावर होतं.

भावजय पाणी घेऊन बाहेर आली. मी विचारलं, "शेळी कुठं व?"

तिला काही माहीत नसावं. ती सरळच म्हणाली, "तुमच्याच तर मंडईले गेली ना ननंदबाई. खसी तर हे आमच्या माहेरी घेऊन गेले. आमची मंडई तुमच्या आदल्या दिवशी होती. माझे भाऊ लय खुश झाले."

मी तिथंच गोठ्याच्या दगडावर बसले. भाऊ आला तेव्हा मी रडत नव्हते. त्याला विचारलं, "काऊन असं केलं?"

तो हसला, लहानपणी चोरून गूळ खाल्ल्यावर हसायचा तसा. "अवं बाई, जावई म्हणून गेलो मी तिकडं. खाली हात जावं का? आन तुमच्या लहानीच्या हातचं तसंही कोण चव पाहून खाणार होतं? मसाल्यात कोणाले समजते, म्हातारी का कोवळी."

"मले समजलं."

"मंग बोलली काऊन नाही?"

त्यानं मला फसवलं, आईची शेळी मला न विचारता कापली, तिचेच तुकडे माझ्या अंगणात आणून टाकले, आणि वर मलाच विचारत होता. आणि विचारत होता ते बरोबर होतं. पंगतीत मी बोलले असते तर त्याचं तोंड काळं झालं असतं. म्हणून नाही बोलले. माहेरचं नाक वाचवलं. त्या बदल्यात जिला दिलं ती फुलचूरला गेली होती.

दरवर्षी भाऊबीजेला तो येत राहिला, मी ओवाळत राहिले. ओवाळताना त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, दिव्याकडे बघायची. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "एकदा शिजवाले लावलं होतं लहानीले. मटन वाया गेलं." हे मी कितीदा ऐकलं. ऐकून भांडी घासत राहिले.

मागच्या दिवाळीच्या आधी माझ्या डोळ्यांच्या तपासणीसाठी गोंदियाला जावं लागलं. दवाखान्यातून निघून रिक्षा केली आणि फुलचूरला गेले. कळवलं नव्हतं. लहानीनं दार उघडलं, बाजूला झाली. "या दीदी." गॅसवर मटन परतून राहिली होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले.

"बकऱ्याची मान आहे," ती म्हणाली. तिनं उकळतं पाणी ओतलं, कुकरचं झाकण लावलं. जोराची एक शिट्टी येऊ दिली आणि गॅस अगदी बारीक केला. "शिट्ट्या नाही मोजत मी. वेळ धरतो. जनावर पाहून."

मी तिला सगळं सांगितलं. भाऊ, खसी, शेळी, कास, पपई. फाटे मी सारले तेही. बोलताना मी कुकरकडेच बघत होते. ती ऐकत चाकवताची भाजी निवडत होती. एक पान बाजूला, एक टोपलीत.

माझं संपल्यावर म्हणाली, "मले तर धुतानाच समजलं होतं, दीदी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली ना. कुकर मागवा म्हटलं. याहून जास्त मी काय बोलणार होती त्या घरात? तुमचा भाऊ, तुमचा खसी." तिनं देठ मोडलं. "पंगतीत मी तुमच्याकडं बघितलं. मले वाटलं, आता बोलतील."

तिनं उठून गॅस बंद केला. कुकरची वाफ हळूहळू उतरत होती. मला वाटलं ती शिट्टी उचलून वाफ सोडेल, म्हणजे हे बसणं संपेल. तिनं हात लावला नाही. "वाफ अशी एकदम काढली की आतलं पाणी भडकून उकळते आन मटन कोरडं पडते," ती म्हणाली. "आपोआप बसू द्यावं लागते." आम्ही बसून राहिलो.

"मले माफ कर," मी म्हटलं.

"मले सांगून काय होणार दीदी? मले तर मालूमच होतं. ज्यायले मालूम नाही त्यायले सांगा."

जेवायला थांबा म्हणाली नाही. मीही थांबले नाही.

भाऊबीजेला भाऊ आला. ओसरीत पाट मांडला होता. मामाजी आदल्या दिवशीच आले होते, खाटेवर बसलेले. सासूबाई सुपारी कातरत होत्या. मी ताट घेऊन बाहेर आले, ताट पाटासमोर ठेवलं आणि दिवा लावायच्या आधी म्हटलं, "मामाजी, त्या मंडईचं मटन खसीचं नव्हतं. म्हाताऱ्या शेळीचं होतं. यानं बदललं, मले माहीत होतं. लहानीनं कुकर मागितला, मी आणू दिला नाही. पपई मी टाकली, जाळ मी वाढवला. तिनं थंड पाणी टाकलं नव्हतं."

भाऊ पाटावर तसाच बसून होता. मग उठला, चपला घातल्या. "बाई, तू आज मले सगळ्यायसमोर," एवढंच म्हणाला आणि गाडी चालू करून गेला. भाच्यासाठी बांधून ठेवलेला करंज्यांचा डबाही नेला नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही. मी केला तर वाजून बंद होतो.

मामाजी खाकरले, बाहेर बघू लागले. मी सासूबाईंकडे बघत होते. मला वाटलं होतं, त्या चिडतील. किंवा म्हणतील, बोलाव तिला.

त्यांचा अडकित्ता थांबला नाही. म्हणाल्या, "मटनाचं काय घेऊन बसली व तू इतक्या वर्षांनं. मटन शिजलं असतं तरी..."

आणि पुढचं बोलल्या नाहीत. मामाजीही त्यांना 'तरी काय' असं विचारत नव्हते. मला तेव्हा कळलं, की वर्षभर मी त्यांच्या मागे लागले, त्यांनी होकार दिला, चूल दिली, तांदूळ दिले, पण कोणीतरी तिच्या हातचं नाकारावं याची त्या वाटच बघत होत्या. म्हातारी शेळी आली नसती तर मीठ जास्त झालं असतं, तिखट कमी पडलं असतं. भावानं मला फसवलं ते मला दिसत होतं. या घरानंही मला फसवलं होतं, ते दिसायला त्या अर्ध्या वाक्यापर्यंत थांबावं लागलं. त्यांना फक्त एक कारण हवं होतं, आणि ते मी माझ्या तोंडानं दिलं होतं.

संध्याकाळी मी फुलचूरला फोन लावला. सांगितलं, सगळ्यांसमोर बोलले. लहानीनं विचारलं, "सासूबाई काय म्हणाल्या?" खोटं सांगता आलं असतं. पुढच्या मंडईला ये म्हणतात, असं म्हणता आलं असतं. मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, जिथं थांबलं तिथपर्यंत.

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"हाव," ती म्हणाली. "ते पण मालूम होतं." मग, "पण तुम्ही सांगितलं, चांगलं झालं. तुम्ही या दीदी. मंडईले इकडंच या."

मंडईच्या दिवशी सकाळी मी अंगणात दगड मांडून दिले, लाकडं रचून दिली, गंज घासून पालथा घातला. नवऱ्याला सांगितलं, मी जाते आहे. तो म्हणाला, "आन इथं शिजवणार कोण?" मी म्हटलं, "तुमच्या आई सांगतील." सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांना मी विचारलं नाही. अर्जुनीला येऊन गोंदियाची गाडी पकडली. गाडी मंडईला येणाऱ्या पाहुण्यांनी भरलेली, उतरणारे सगळे, चढणारी मी एकटी. फुलचूरला लहानीनं मला पाट दिला, समोर ताट ठेवलं आणि वाढलं. मी पहिली फोड तोंडात घातली. ती माझ्याकडे बघत नव्हती, दिराच्या ताटात भात वाढत होती. दीर म्हणाला, "भाभी, नीट झालं का?"

मी म्हटलं, "तिले विचार. तिले माहीत आहे."